‘डीपीसीतून आणलेला’ रस्ता

गावाच्या वेशीवर फलक दिसतो, ‘अमुक साहेबांच्या प्रयत्नांतून डीपीसी फंडातून सिमेंट रस्ता’. मग चहाच्या टपरीवर ठरून जातं की डीपीसी म्हणजे पालकमंत्र्यांची थैली; ज्याचा वशिला त्याचा रस्ता. हे इतक्या वेळा ऐकलं आहे की आता चिडूनच लिहावंसं वाटतं.

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद २४३ झेडडी वाचून पाहा. निधीवाटप हे जिल्हा नियोजन समितीचं काम म्हणून त्यात कुठेच सांगितलेलं नाही. जिल्ह्यातल्या पंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या योजना एकत्र करायच्या आणि सबंध जिल्ह्याच्या विकास आराखड्याचा मसुदा तयार करायचा, हे समितीचं काम. वर्तमानपत्रात ज्याचे आकडे येतात ती ‘जिल्हा वार्षिक योजना’ म्हणजे राज्याकडून येणारा एका वर्षाचा पैसा. ग्रामपंचायतीला वित्त आयोगातून मिळणारी रक्कम, महापालिकेचं स्वतःचं अंदाजपत्रक, हे त्या योजनेच्या बाहेर असतं. आराखड्यात मात्र त्याचाही विचार व्हायला हवा.

इथेच दुसरी गफलत होते. ‘एकत्र करणं’ म्हणजे बेरीज, असं अधिकारीही समजतात. ग्रामसभेत ठरलेली कामं पंचायत समितीमार्गे जिल्हा परिषदेकडे येतात, पालिका आपली यादी पाठवतात, दोन्ही फायली एका दोऱ्यात बांधल्या की झाला आराखडा! घटनेला हे अभिप्रेत नाही. मसुदा करताना गाव आणि शहर यांच्या सामायिक बाबींचा विचार करा, असं ती सांगते, आणि त्यात पाण्याच्या वाटपाचं नाव घेते.

कोल्हापूर जिल्हा घ्या. इचलकरंजीच्या उशाला पंचगंगा आहे, पण वरून कोल्हापूरचं सांडपाणी येतं आणि इचलकरंजीतल्या कापड प्रक्रिया कारखान्यांचं पाणीही त्याच नदीत जातं. मग शहराने वारणेवरून, दानोळीहून पाणी आणायचं ठरवलं. काठच्या गावांनी विरोध केला. पुढे दूधगंगेवरची सुळकूड योजना आली. तिथेही गावं उभी राहिली, कारण उन्हाळ्यात उसाला तेच पाणी लागतं. दोन्हीकडून आंदोलनं झाली.

या मागण्यांची बेरीज केली तर शहराची नळपाणी योजना, गावांची उपसा सिंचन योजना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र अशा तीन ओळी तयार होतात. एकेकटी ओळ वाचली तर तिला कोण नाही म्हणेल? जुळणी करायची तर निविदेच्या आधी दूधगंगेच्या पाण्याचा एकच हिशेब मांडावा लागतो: धरणात किती, शेतीला कोणत्या महिन्यात किती, शहराला किती. आणि पंचगंगा शुद्ध झाली तर बाहेरून किती कमी पाणी आणावं लागेल, हेही त्याच हिशेबात यावं लागतं. आराखडा हाती आला की ओळखण्याची खूण सोपी आहे. एकाच नदीसमोर शहर आणि गाव दोघांची नावं असलेलं एखादं पान त्यात आहे का ते पाहा. नुसती लेखाशीर्षं आणि कामांची यादी असेल, तर ती बेरीजच.

ही जुळणी करणारे कोण, तेही घटनेने ठरवलं आहे. किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे, तेही ग्रामीण-नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात. २०११च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची सुमारे ३२ टक्के लोकसंख्या नागरी आहे. समजा समिती ४० जणांची असेल, तर ३२ जण निवडलेले हवेत. त्यातले साधारण २२ ग्रामीण आणि १० नागरी. पाण्यावरून भांडणारे दोन्ही पक्ष एका टेबलाशी बसावेत म्हणूनच हे प्रमाण. २०२२ नंतर राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदा आणि महापालिकांवर प्रशासक आले. त्या काळात निवडून आलेले सदस्यच नव्हते, तर टेबलाशी बसणार कोण होतं?

काही किरकोळ समज. ‘सरपंचही समितीवर निवडून येतो’: नाही, ग्रामीण बाजूने फक्त जिल्हा परिषद सदस्य. ‘शहराचा डीपी म्हणजे हाच आराखडा’: तो १९६६च्या नगररचना कायद्याखालचा, जमिनीच्या वापराचा नकाशा. ‘डीपीडीसी’ हे जुन्या परिषदेचं नाव. आजची समिती १९९८च्या राज्य कायद्याने आली. ‘पालकमंत्री अध्यक्ष असणं घटनेत लिहिलंय’: अजिबात नाही, ते महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. केरळमध्ये जिल्हा पंचायतीचा निवडून आलेला अध्यक्षच समितीचा अध्यक्ष असतो. १५ जणांत १२ निवडलेले, आणि स्थानिक संस्थांच्या योजनांना समितीची मान्यता लागते.

समितीचा शब्द अखेरचा मात्र नसतो. अध्यक्षाने मसुदा राज्य सरकारकडे पाठवायचा, एवढंच घटना सांगते. तो सरकारने जसाच्या तसा स्वीकारावा असं बंधन तिच्यात नाही.