पावणेबाराची भैरवी

काही वर्षांपूर्वी ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजायला दहा मिनिटं असताना मी घरात भा. रा. तांब्यांचं ‘जन पळभर म्हणतील’ लावलं. वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा आवाज. वर्षाचा शेवट गंभीर व्हावा, एवढीच माझी इच्छा होती. दुसऱ्या कडव्याला आई उठली आणि काही न बोलता आतल्या खोलीत गेली. आपल्या माघारी जग कसं चालू राहील, याचं ते गाणं. त्या वर्षी तिच्या दोन बहिणी गेल्या होत्या. मुलांनी घाईघाईने नाचाचं गाणं लावलं, बारा वाजले, सगळ्यांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या, पण आई बाहेर आली ती सव्वाबाराला.

गाण्यात काही खोट नव्हती. चूक माझी होती, आणि ती गाण्याच्या निवडीपेक्षा जागेची जास्त होती. तेव्हापासून दर वर्षी मी या एका तासाचा क्रम आधी लावून ठेवतो. घरात ऐंशीची आई, आम्ही नवराबायको, कॉलेजात जाणारी मुलगी, धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. एवढ्या वयांना एका तासात एकत्र ठेवायचं तर एक शांत, एक दणदणीत, पुन्हा एक शांत अशी आलटापालट चालत नाही. मन शांत होऊ लागलं की कोणीतरी उठवतं आणि पाय उठू लागले की कोणीतरी बसवतं. तासाला वळण एकच हवं.

ते वळण कसं घ्यायचं, हे मला गोव्याच्या मांडोने शिकवलं. एकोणिसाव्या शतकात साष्टीतल्या कुडतरी, लोटली अशा गावांमधल्या ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत हा कोंकणी गानप्रकार वाढला. साथीला व्हायोलिन आणि घुमट. पुरुष आणि स्त्रिया समोरासमोर दोन ओळींत उभे राहून संथपणे पुढे-मागे सरकतात. मांडो विरहाचा, ओढीचा, निरोपाचा असतो. लोटलीच्या तोर्कातो द फिगेरेदो यांचा ‘अदेवस’ हा मांडो तर निरोपाच्या वेळेचाच आहे आणि गोव्यातल्या कितीतरी मेळाव्यांचा शेवट त्याने होतो. पण मांडोची रंगत त्याच्यामागून येणाऱ्या दुलपोदात आहे. मांडो संपतो न संपतो तोच दुलपोद सुरू होतं. त्यात गावातल्या गमती असतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोष्टी असतात, लय दुपटीने वाढलेली असते आणि मघाशी डोळे पुसणारी माणसं टाळ्या वाजवू लागतात.

ही उडी खटकत नाही, याचं कारण तालात आहे. मांडो सहा मात्रांत संथ चालतो आणि दुलपोदही सहाच मात्रांत, फक्त भराभर. मोजणी तीच राहते, पावलं तेवढी लवकर पडू लागतात. ऐकणाऱ्याचं अंग मधे कुठे थांबत नाही, म्हणून मनही अडखळत नाही.

आपल्याकडे याची सोय तयार आहे. भावगीतांमध्ये दादरा भरपूर आहे आणि दादरा सहा मात्रांचा. कोळीगीतांचा नेहमीचा ठेकाही सहाचाच, पण होडी हलल्यासारखा झुलता आणि जलद. दादऱ्यातलं एखादं संथ भावगीत संपल्यावर लगेच कोळीगीत लावून पाहा. मांडीवर हळू टाळी देणारा हात आपोआप वेग घेतो. गाणं सहात आहे की आठात, हे ओळखायला संगीत शिकलेलं असावं लागत नाही. ठसठशीत ठोक्यावर टाळी द्यायची आणि एकापासून मोजत जायचं. सहा झाल्यावर पुन्हा ‘एक’ ठसठशीत ठोक्यावरच येत असेल तर दादरा. दोन मात्रा उरत असतील तर बहुधा केरवा, म्हणजे आठाचा ठेका. आठातून सहात एकदम गेलं की अंगाला धक्का बसतो. घरातली मंडळी म्हणतात, “हे गाणं आत्ता कशाला लावलंस?” तक्रार गाण्याची वाटते, पण पुष्कळदा ती ठेक्याची असते.

आता भैरवीचं. आपल्या मैफलीचा शेवट भैरवीने होतो. रे, ग, ध, नि कोमल असलेला हा राग मुळात सकाळचा, पण निरोपाला तो कोणत्याही वेळी चालतो आणि त्यानंतर कोणी गात नाही. ‘भैरवी झाली’ म्हटलं की आता उठायचं, हे बैठकीतल्या प्रत्येकाला कळतं. म्हणूनच भैरवी बाराच्या ठोक्याला लावली तर घर उठायच्या तयारीला लागतं आणि नेमकं तेव्हाच आपल्याला सुरुवात करायची असते. मी भैरवी पावणेबाराच्या आसपास आणली, तेव्हा आईने हरकत घेतली, “अरे, भैरवीनंतर गाऊ नये.” मी म्हटलं, “आई, ही सरत्या वर्षाची भैरवी. त्या वर्षाची मैफल संपली. पुढे गायचं ते नव्या वर्षाचं.” तिला ते पटलं आणि तेव्हापासून आमच्या घरी हा रिवाज झाला.

जपानमध्ये हीच वेळ साऱ्या देशाने पाळलेली आहे. एनएचकेचा ‘कोहाकु’ हा गाण्यांचा मोठा कार्यक्रम ३१ डिसेंबरला संध्याकाळपासून रंगत जातो आणि पावणेबाराच्या सुमाराला ‘होतारु नो हिकारी’ या निरोपाच्या गाण्याने संपतो. चाल रॉबर्ट बर्न्सच्या ‘ऑल्ड लँग साइन’ची, तीच चाल ज्यावरून रवींद्रनाथांनीही एक गाणं बांधलं. त्यानंतर पडद्यावर बर्फातली देवळं आणि त्यांच्या घंटांचे एकेक टोल. रोषणाईतून एकदम शांततेत नेणारा तो क्षण मला फार आवडतो. आपल्या घरी देऊळ आणि बर्फ नाही, पण पावणेबाराची जागा तीच ठेवता येते.

गेल्या ३१ डिसेंबरचा आमचा तास असा गेला. अकराला मागची आवराआवर चालू होती, म्हणून सुरुवातीची वीस मिनिटं मुलांची. या वेळेत कोणी एका जागी बसत नाही, तेव्हा नीट ऐकायचं गाणं इथे वाया जातं. मुलीने तिच्या वर्षातली चार गाणी लावली. पुतण्याने ‘नाच रे मोरा’ मागितलं. १९५३ च्या ‘देवबाप्पा’तलं, गदिमांचं आणि पुलंनी चाल दिलेलं हे गाणं त्याला शाळेत शिकवलं होतं आणि आईला ते तिच्या लहानपणापासून पाठ. दोघांनी मिळून म्हटलं.

अकरा वीसला दिवे मंद केले आणि आवाज निम्म्यावर आणला. आता प्रत्येकाचं एकच गाणं, आणि ते लावण्याआधी ‘हेच का’ ते एका वाक्यात सांगायचं. भावाने पाडगावकर, यशवंत देव आणि अरुण दाते यांचं ‘या जन्मावर’ लावलं, कारण त्या वर्षी त्याची नोकरी गेली होती आणि परत मिळाली होती. आईने ‘अखेरचा हा तुला दंडवत’ सांगितलं. ‘मराठा तितुका मेळवावा’तलं, लताबाईंनी आनंदघन या नावाने स्वतःच चाल दिलेलं गाणं. शीर्षक पाहून मी जरा घाबरलो होतो. पण ते गाव सोडून जाणाऱ्या मुलीचं गाणं आहे. आईने सांगितलेलं कारणही तेच होतं, त्या वर्षी कोकणातलं घर विकलं गेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण या वेळी ती उठून गेली नाही. अजून अर्धा तास हाताशी होता आणि सगळे तिच्या भोवती बसले होते. ‘जन पळभर’च्या वेळी नेमका हा अवधी नव्हता.

एका तासात गाणी किती बसतील, याचा अंदाज इथे चुकतो. जुन्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच ध्वनिमुद्रण मावत असे, म्हणून जुनी भावगीतं तेवढीच आहेत. त्या हिशेबाने तासाला सतरा गाणी होतात. पण प्रत्येक गाण्याआधी आणि नंतर माणसं बोलतात आणि ते बोलणंच तर हवं असतं. आमची गाणी दहा-अकराच्या वर जात नाहीत. यादीत अकरा असतील तर तास सैल राहतो. पंधरा झाली की ‘पुढचं लाव, पुढचं लाव’ सुरू होतं.

अकरा चाळीसला किशोरीताईंचं ‘अवघा रंग एक झाला’, सोयराबाईंचा अभंग, भैरवीत. मग यंत्र बंद. सगळ्यांनी मिळून पसायदान म्हटलं, तोंडाने, कसल्याही साथीशिवाय. नऊ ओव्यांना चारेक मिनिटं लागतात. ज्ञानेश्वरी पूर्ण करताना माउलींनी मागितलेलं हे दान आहे, त्यामुळे काहीतरी संपतं आहे आणि त्याच वेळी पुढचं मागितलं जातं आहे, असं दोन्ही त्यात आहे. त्यानंतर मिनिटभर कोणी बोललं नाही.

अकरा पन्नासला दादऱ्यातलं एक जुनं भावगीत, आणि त्याला लागून ‘मी डोलकर’. शांताबाई शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, हेमंतकुमार आणि लताबाई. पुतण्या उठला, मग वहिनी, मग आईने बसल्या जागी हात हलवायला सुरुवात केली. अकरा अठ्ठावन्नला गाणं पुन्हा बंद, कारण बाराचा ठोका माणसांच्या आवाजातच मोजायचा. बारानंतर आधी मोठ्यांच्या पाया पडणं, तिळाच्या वड्या, आणि मग अजय-अतुलचं ‘झिंगाट’.

ठोका मोजायला टीव्ही किंवा मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण वापरू नका. ते काही सेकंद, कधी अर्धं मिनिटही मागे असतं. खाली फटाके वाजू लागतात आणि तुमच्या पडद्यावर अजून ‘वीस, एकोणीस’ चाललेलं असतं. फोनमधलं साधं घड्याळ बरोबर असतं. गाणी आदल्या दिवशीच उतरवून घ्या, नाहीतर पसायदानाआधी साबणाची जाहिरात येते आणि ती शांतता काही केल्या परत येत नाही. शफल आणि ऑटोप्ले दोन्ही बंद करा. गाणी लावणारा फोन ज्यावर शुभेच्छांचे कॉल येतात तो नसावा. रात्री दहानंतर आवाज आपल्या भिंतींच्या आत राहील एवढाच ठेवा.

आणि यादी करायला ३१ तारखेची संध्याकाळ गाठू नका. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला ३० तारखेलाच विचारा, “तुमचं या वर्षाचं गाणं कोणतं?” आठवायला त्यांना एक दिवस लागतो.