छिद्राआड उलगडणारे डोळ्याचे थर

राजापूरसारख्या भातशेतीच्या भागात झोडणीच्या दिवसांत डोळ्यात तूस उडणे नवे नाही. बहुतेकदा डोळा दोन दिवसांत निवळतो. पण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, ओरखडा पडला आणि त्यातून बुरशी आत शिरली, तर पांढरा व्रण तयार होतो. तो जिवाणूंचा की बुरशीचा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणे अवघड असते. औषधे मात्र वेगळी असतात.

कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. साध्या सूक्ष्मदर्शकातून व्रण पाहताना वरच्या सुजलेल्या थराचा आणि खालच्या थरांचा प्रकाश एकत्र येतो. त्या धूसरपणात बुरशीचे बारीक तंतू हरवून जातात. ही अडचण कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक एका छिद्राने सोडवतो. मार्विन मिन्स्की यांनी या रचनेसाठी 1957 मध्ये पेटंटचा अर्ज केला होता.

यात लेसरचा किरण एका वेळी एकाच बिंदूवर एकवटतो. समजा, तो बिंदू 120 मायक्रॉन खोलीवर आहे. तिथून परतणारा प्रकाश भिंगातून जाऊन नेमका छिद्राच्या जागी पुन्हा एकवटतो आणि पलीकडच्या संवेदकापर्यंत पोहोचतो. 80 मायक्रॉनवरच्या थराचा प्रकाशही परततो, पण तो दुसरीकडे एकवटतो. त्यामुळे छिद्रापाशी त्याचा पसरट ठिपका पडतो. हा ठिपका छिद्राच्या दहापट रुंद असेल, तर त्याचे क्षेत्रफळ शंभरपट होते आणि साधारण शंभरावा हिस्साच आत जातो. बाकीचा कडेला अडतो. किरण असा बिंदू-बिंदू फिरवला की एका पातळ थराचे चित्र तयार होते. डोळ्याच्या यंत्रात हा थर काही मायक्रॉन जाडीचा असतो. पेशी न कापताच हा काप मिळतो.

छिद्र मोठे केले तर शेजारच्या थरांचा प्रकाश मिसळतो आणि काप जाड होतो. फारच लहान केले तर हवा असलेला प्रकाशही अडतो आणि चित्र अंधुक, खरखरीत दिसते.

तपासणीआधी डोळा बधिर करणारे थेंब घालतात. यंत्राचे टोक जेल लावून कॉर्नियाला हलकेच टेकवतात आणि एकेक थर पाहत खाली जातात. बुरशीचे तंतू चकाकणाऱ्या, फांद्या फुटलेल्या रेघांसारखे दिसतात. कॉर्नियातल्या नसाही तशाच चकाकतात, म्हणून फसगत होऊ शकते. निरोगी नसा बहुधा वरच्या आवरणाखाली लांब आणि एकमेकींना समांतर धावतात. दोन्हींतला फरक ओळखायला थराची खोली आणि सरावलेली नजर लागते.

यालाही मर्यादा आहेत. जिवाणू इतके लहान असतात की या यंत्रात ते सहसा ओळखता येत नाहीत. व्रण फार दाट असेल तर प्रकाश वाटेतच विखुरतो, आणि छिद्र तो परत आणू शकत नाही. म्हणून व्रण खरवडून केलेली तपासणी आणि कल्चर यांची गरज उरतेच.

हे यंत्र प्रामुख्याने मोठ्या नेत्रकेंद्रांतच असते. तूस गेल्यावर डोळा दुखत राहिला किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसला, तर स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून घालू नयेत. बुरशी असेल तर त्यांनी ती अधिक फोफावते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.