अवघड काम कोणत्या तासाला?

माझी मावसबहीण कोल्हापुरात एका कर सल्लागाराकडे हिशेब पाहते. जीएसटीआर-२बी १४ तारखेला पोर्टलवर येतं आणि दरमहा विवरण भरणाऱ्यांचं ३बी २० तारखेपर्यंत जायला लागतं. मधल्या दिवसांत खरेदीचं एकेक बिल २बीशी जुळवायचं. तिची सकाळ फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जायची, त्यामुळे जुळवणी दुपारी तीनला सुरू व्हायची. मग वजा करायची क्रेडिट नोट मिळवली जायची, बिल नंबरातले आकडे उलटे पडायचे आणि संध्याकाळी सगळं परत तपासावं लागायचं.

तिनं कामाचे दहा दिवस वही ठेवली. दर तासाला स्वतःला १ ते ५ गुण आणि शेजारच्या रकान्यात त्या तासाच्या कामात नंतर सापडलेल्या चुका. मला हा दुसरा रकाना जास्त मोलाचा वाटतो. चहा घेतल्यावर तरतरी येते, गुण वाढतात, पण चुका कमी होतातच असं नाही. रात्री नीट झोप न झालेले दोन दिवस तिनं सोडून दिले.

वहीत चित्र स्पष्ट होतं: पावणेदहा ते पावणेबारा चांगले, दोन ते साडेतीन पडते, पाचनंतर पुन्हा थोडी उभारी. दुपारच्या सुस्तीचं खापर आपण जेवणावर फोडतो. जड जेवणानं ती वाढते हे खरं, पण न जेवताही ती येते. स्वित्झर्लंडमधले संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रारूपात झोप दोन गोष्टींवर ठरते. जाग आल्यापासून झोपेची ओढ साठत जाते आणि शरीरातलं घड्याळ स्वतःच्या चक्रानं फिरत असतं. दुपारी ओढ बरीच साठलेली असते, पण तिला तोलून धरणारा घड्याळाचा जोर अजून पुरता चढलेला नसतो. तो संध्याकाळी चढतो, म्हणून पाचनंतर बरं वाटतं.

आता जुळवणी पावणेदहाला सुरू होते. फोन बारानंतर, आणि हे तिनं पक्षकारांना आधीच सांगून ठेवलंय. दोन ते साडेतीन बिलं स्कॅन करणं, फायली लावणं. पाचनंतर सकाळच्या कामावर दुसरी नजर. हे तास तिचे आहेत. रात्री उशिरापर्यंत ताजा राहणाऱ्याची वही वेगळी निघेल. तिचेही तास पक्के नाहीत. शनिवार-रविवारी उशिरा झोपून उशिरा उठलं की सोमवारी साडेदहापर्यंत चुकांचा रकाना भरतो.

१८ ते २० तारखेला मात्र आखणी टिकत नाही, फोन थांबत नाहीत. त्या तीन दिवसांत ती सकाळचा फक्त पहिला तास राखते आणि त्यात सर्वांत गुंतागुंतीच्या पक्षकाराची क्रेडिट नोटांची फाईल काढून बसते.