सात दिवसांच्या आत लिहायचं पत्र

एकाच माणसाची दोन अकाउंट असणं ही गाण्याच्या ॲपवर अगदी नेहमीची गोष्ट आहे. एकदा फेसबुकवरून लॉग इन केलेलं असतं, वर्षभराने नवा फोन आल्यावर ईमेल टाकून. ॲप या दोन वाटांनी आलेल्या माणसाला दोन वेगळी माणसं समजतं. मग एखाद्या रविवारी आवराआवर करताना ‘हे जादाचं अकाउंट काढून टाकू’ असं मनात येतं आणि नेमकं ज्यात सगळ्या प्लेलिस्ट आहेत तेच अकाउंट बंद होतं.

नाशिकमध्ये हार्मोनियमचे वर्ग घेणाऱ्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. बाई काल्पनिक आहेत, पण अडचण अगदी खरी. त्यांनी रागवार प्लेलिस्ट केल्या आहेत. ‘भूप’मध्ये ‘सुजन कसा मन चोरी’ची दोन-तीन ध्वनिमुद्रणं, ‘ज्योतिकलश छलके’, काही बंदिशी, आणि हे सगळं शिकवण्याच्या क्रमाने लावलेलं. पाच मार्चला रात्री त्यांनी स्पॉटिफायचं चुकीचं अकाउंट बंद केलं. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं तर यादी रिकामी. आता त्या सपोर्टला मेल लिहायला बसल्या आहेत.

त्याआधी एक खात्री करून घ्यायला हवी: अकाउंट खरंच गेलंय, की बाई दुसऱ्याच अकाउंटमध्ये शिरल्यात? रिकामं ॲप दोन्ही वेळा सारखंच दिसतं. आपल्या सगळ्या मेलबॉक्समध्ये ‘Spotify’ शोधावं. अकाउंट बंद झाल्याचं पत्र सापडलं, तर ते बंद झालंय. ते कुठेच नसेल आणि दुसऱ्या एखाद्या पत्त्यावर जुनी पावती सापडली, तर त्या पत्त्याने किंवा फेसबुकवरून लॉग इन करून पाहावं. बऱ्याच ‘हरवलेल्या’ प्लेलिस्ट इथेच सापडतात आणि मेल लिहायची वेळच येत नाही.

बंद झाल्याचं पत्र सापडलं तर ते नीट वाचावं, कारण स्पॉटिफाय त्यातच अकाउंट पुन्हा सुरू करण्याची लिंक देतं आणि ती सात दिवस चालते. ती दाबली की काम झालं. पत्र स्पॅममध्ये पडलेलं असतं, किंवा नोंदवलेला ईमेल जुन्या नोकरीतला असतो आणि तो आता उघडतच नाही. अशा वेळी सपोर्टला लिहावं लागतं, तेही मुदत संपायच्या आत.

मुदत सातच दिवसांची का, हे कळलं की काय मागायचं तेही कळतं. ‘डिलीट’ म्हटल्याबरोबर सगळं पुसलं जात नाही. आधी अकाउंटवर ‘बंद’ असा शिक्का बसतो आणि माहिती जागेवरच राहते. मुदत संपली की पुसण्याचं खरं काम सुरू होतं, आणि तिथे कायदाही आड येतो. स्पॉटिफाय ही स्वीडनची कंपनी. युरोपात २०१८पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमांच्या १७व्या कलमानुसार ग्राहकाने ‘माझी माहिती पुसा’ म्हटलं, की विनाकारण वेळ न घालवता ती पुसावी लागते. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यातही पुसून मागण्याचा हक्क आहे. त्यामुळे ‘ग्राहक परत येईल म्हणून ठेवलंय बाजूला’ असा कप्पा कंपनीला खुशाल ठेवता येत नाही. मुदतीनंतर सपोर्टचा माणूस ‘शक्य नाही’ म्हणाला, तर तो आळस करत असेलच असं नाही.

एखादीच प्लेलिस्ट उडाली असेल तर गोष्ट निराळी. तुम्ही स्वतःची प्लेलिस्ट डिलीट करता, तेव्हा स्पॉटिफाय तिच्याशी तुमचा संबंध फक्त तोडतं. म्हणून अशी प्लेलिस्ट ९० दिवसांपर्यंत अकाउंटच्या वेबपानावरून स्वतःच परत आणता येते. पण त्यासाठी अकाउंट जिवंत हवं. बाईंना आधी अकाउंटच मागायला हवं.

आता पत्र. सपोर्टच्या माणसासमोर दोन प्रश्न असतात: हे नेमकं कोणतं अकाउंट, आणि लिहिणारा त्याचा मालक आहे का? ‘माझी दहा वर्षांची मेहनत गेली हो’ या वाक्यातून दोन्हींचं उत्तर मिळत नाही. बाईंचं पत्र साधारण असं हवं (प्रत्यक्षात ते इंग्रजीत जाईल):

“विषय: चुकून बंद केलेलं अकाउंट पुन्हा सुरू करण्याबाबत – बंद केल्याची तारीख ५ मार्च

५ मार्चला रात्री साडेनऊच्या सुमारास मी माझं अकाउंट चुकून बंद केलं. माझी दोन अकाउंट होती, बंद करायचं होतं दुसरं. बंद झालेलं अकाउंट या ईमेलवर होतं आणि मी त्यात फेसबुकवरून लॉग इन करत असे. पुन्हा सुरू करण्याची लिंक मला मिळालेली नाही. फेब्रुवारीच्या पैशांची पावती सोबत जोडली आहे. त्यातल्या तीन प्लेलिस्टची नावं: भूप, यमन, पहाटेचे अभंग. ‘भूप’ची लिंक खाली देत आहे.

कृपया अकाउंट पुन्हा सुरू करावं. ते शक्य नसेल, तर या प्लेलिस्ट माझ्या दुसऱ्या अकाउंटवर हलवता येतील का, ते कळवावं.”

शेवटच्या दोन वाक्यांत दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि त्या क्रमानेच हव्यात. नुसतं ‘प्लेलिस्ट परत द्या’ म्हटलं, तर उत्तरात ९० दिवसांच्या त्या पानाचा पत्ता येईल आणि दोन दिवस फुकट जातील. लिंक मिळते कुठून? विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीतरी पाठवलेली असते. `open.spotify.com/playlist/` याच्या पुढची अक्षरं हाच त्या प्लेलिस्टचा ओळख क्रमांक असतो. एकाच नावाच्या ढीगभर याद्यांतून तो बरोबर एकीकडे नेतो.

पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा पूर्ण नंबर यांतलं काहीही पत्रात लिहू नये. आपली तक्रार सोशल मीडियावर टाकली, की ‘आम्ही परत मिळवून देतो’ म्हणणारे तासाभरात टपकतात आणि ओटीपीच मागतात. उत्तराची वाट पाहताना दर चार तासांनी नवा मेलही धाडू नये. त्याच धाग्यात लिहावं, नाहीतर दोन तक्रारी दोन माणसांकडे जातात.

सात दिवस उलटून गेले असतील, तरी पत्र लिहून पाहायला हरकत नाही. पण आशा मग दुसरीकडे ठेवावी. प्लेलिस्टमध्ये गाणी नसतातच, असतात फक्त त्यांचे पत्ते. एखाद्या विद्यार्थ्याने ‘भूप’मधली सगळी गाणी स्वतःच्या यादीत उतरवून घेतली असतील, तर ती यादी त्याची असते आणि बाईंच्या अकाउंटबरोबर जात नाही. आणि बाईंनी कधीकाळी अकाउंटच्या पानावरून स्वतःची माहिती मागवून ठेवली असेल, तर त्या झिप फाइलमध्ये `Playlist1.json` सापडेल. ती साध्या नोटपॅडमध्येही उघडते आणि आत प्रत्येक गाण्याची अशी नोंद असते:

```
"trackName": "...",
"artistName": "...",
"albumName": "...",
"trackUri": "spotify:track:..."
```

यातली शेवटची ओळ सगळ्यांत मोलाची. नावावरून शोधलं तर ‘सुजन कसा मन चोरी’ बालगंधर्वांचं मिळेल की नंतरच्या कुणा गायकाचं, याचा नेम नाही. अल्बमचं नावही संकलनागणिक बदलतं. `trackUri`ची ती ओळ ॲपच्या शोधचौकटीत चिकटवली, की तेच ध्वनिमुद्रण समोर येतं, कंपनीने ते मधल्या काळात काढून टाकलं नसेल तर. फाइलमध्ये गाणी यादीतल्या क्रमानेच असतात, त्यामुळे शिकवण्याचा क्रमही पुन्हा लावता येतो. प्लेलिस्टला फॉलो करणारे विद्यार्थी मात्र त्या फाइलमधून परत येत नाहीत. त्यांना ग्रुपवर नवी लिंक पाठवावी लागेल.