परतावा आणि चुकीचं खातं

प्राप्तिकर परताव्यावरच्या व्याजाचा हिशेब या आठवड्यात मांडणार होतो, तो पुढे ढकलतो. कारण एका कापड दुकानदार वाचकाने आपल्या अर्जाचा मसुदा पाठवला आहे, आणि तशाच अर्जांवर अनेकांचे परतावे अडून राहतात.

त्यांनी विवरणपत्रात बंद झालेल्या जुन्या खात्याचा क्रमांक दिला होता. १८,४०० रुपयांचा परतावा मंजूर झाला, पण बँकेतून परत गेला. मसुद्यात दीड पान दुकानाची अडचण आहे. शेवटी ‘रक्कम लवकर मिळावी ही विनंती’. कोणतं खातं चुकलं आणि कोणतं हवं, हे कुठेच नाही.

पहिली गोष्ट, हा अर्ज वॉर्डातल्या अधिकाऱ्याकडे लगेच नेऊ नका. परतावा बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रातून निघतो आणि खातं बदलायची सोय पोर्टलवर आहे. ‘My Bank Account’ मध्ये नवं खातं जोडा, त्याची पडताळणी पूर्ण होऊ द्या, ते परताव्यासाठी निवडा आणि मग ‘Refund Reissue’ मध्ये मागणी नोंदवून आधार ओटीपीने पक्की करा. नुसतं खातं जोडून थांबलात तर अयशस्वी झालेला परतावा आपोआप निघेलच असं नाही. मागणी वेगळी नोंदवावीच लागते.

दुकानदारांची पडताळणी बहुधा नावावर अडते. एकट्या मालकाच्या दुकानाला स्वतंत्र पॅन नसतो, पॅन मालकाचा. चालू खातं मात्र दुकानाच्या नावाने असतं. नावं जुळली नाहीत की खातं नाकारलं जाऊ शकतं. अशा वेळी मालकाच्या स्वतःच्या नावाचं, त्याच पॅनला जोडलेलं बचत खातं देणं सर्वांत सोपं. नवं खातं देताना आयएफएससीही चालू पासबुकावरून घ्या. बँका विलीन झाल्यावर अनेक शाखांचे कोड बदलले आहेत.

एवढं करूनही मागणी अयशस्वी ठरली, तर अर्ज. तो असा असावा :

‘विषय : कर निर्धारण वर्ष अमुक, परताव्यासाठी बँक खाते दुरुस्त करणेबाबत. माझा पॅन अमुक, विवरणपत्राचा पोचक्रमांक अमुक. रु. १८,४०० चा परतावा जुने खाते क्र. अमुक बंद असल्याने जमा झाला नाही. पुनर्मागणी क्र. अमुक, दिनांक अमुक, हीदेखील अयशस्वी झाली. कृपया परतावा माझ्या नावावरील खाते क्र. अमुक, आयएफएससी अमुक यात जमा व्हावा.’

चुकीचा क्रमांकही लिहायचा, कारण अधिकारी तो नोंदीतल्या क्रमांकाशी पडताळतो. सोबत नाव छापलेला रद्द केलेला धनादेश आणि अयशस्वी मागणीचा प्रिंट जोडा. दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का व तारीख घ्या, कारण पुढे तक्रार नोंदवायची झाली तर तीच प्रत लागेल.