लर्निंग काढले, पण वेचणीत मुदत गेली!

हिंगण्याकडील एका शिवारफेरीत एका तरुण शेतकऱ्याने खिशातून कागद काढून दाखविला. लर्निंग लायसन्स जूनमध्ये काढलेले. पेरणी झाली, डवरणी झाली, मग कापूस वेचणीला आला. "साहेब, आज जाऊ, उद्या जाऊ करता करता सहा महिने निघून गेले," तो म्हणाला. आता पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा परीक्षा.

शेतकरी बंधूंनो, लायसन्सचेही पिकासारखेच आहे, वेळापत्रक आधी आखावे लागते. लर्निंग सहा महिनेच चालते आणि ते मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येत नाही. म्हणजे हाती राहतात पाचच महिने.

पहिले दहा दिवस नियमांचे. लर्निंगच्या परीक्षेत साठ टक्के उत्तरे बरोबर लागतात. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे बसा. आधी चिन्हांचा आकार पाहा. लाल कडेचा गोल बहुधा मनाई किंवा मर्यादा सांगतो. बैलगाडीला बंदीचे चिन्हही गोलच असते. लाल कडेचा त्रिकोण पुढचा धोका सांगतो आणि निळा चौकोन माहिती देतो. ही खूण बसली की पाठांतर निम्मे होते. उरलेल्या दिवसांत हाताचे इशारे, रेल्वे फाटक आणि अपघातानंतर चालकाची कर्तव्ये घ्या. जी उत्तरे चुकली ती वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी तीच आधी विचारा.

आता तारखा मांडून पाहू. १० जूनला लर्निंग मिळाले, तर ते ९ डिसेंबरपर्यंत चालेल. गाडीला पुढे-मागे लाल 'एल' लावून, पक्के लायसन्स असलेला माणूस सोबत घेऊन महिनाभर सराव करा. गाडी मागे घेणे रोज घ्या, कारण परीक्षेत तेही पाहतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ११ जुलैला लाल गोल करा आणि घरच्यांनाही आठवण द्यायला सांगा. त्या दिवशी sarathi.parivahan.gov.in वर पक्क्याचा अर्ज भरून परीक्षेची वेळ घ्या. जवळची तारीख भरलेली असली, तरी पोळ्याच्या आतली मिळेल ती घ्या.

घाई का? परीक्षेत नापास झालात तर सात दिवस थांबावे लागते, तीनदा नापास झालात तर साठ दिवस. नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही.

परीक्षेला निघताना लर्निंग, गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी एकाच पिशवीत ठेवा. ज्या प्रकारच्या गाडीचे लायसन्स हवे, तीच गाडी न्या.

आणि लायसन्स नसताना ट्रॅक्टर रस्त्यावर घातला व अपघात झाला, तर विमा कंपनीने जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल होऊ शकते. कॅलेंडरवरचा तो लाल गोल आजच करा.