परतीच्या वाटेवरच्या लघुपटाला नाव देताना

स्थलांतरित मजुराच्या परतीवर लघुपट करायचा ठरला की काही नावे आपोआप पुढे येतात. ‘परतीचा प्रवास’, ‘वापसी’, ‘ओढ गावाची’, ‘घर’ ही त्यांतली नेहमीची. ती चुकीची नाहीत, पण असल्या कुठल्याही लघुपटाला चालतील, आणि हाच त्यांचा दोष आहे. बांधकामावरचा बिहारी गवंडी असो, कोकणातल्या बागेतला नेपाळी राखणदार असो की ऊसतोडीहून परतणारे बीडचे जोडपे असो, ‘परतीचा प्रवास’ हे नाव तिघांनाही सारखेच बसते. शिवाय इंटरनेटवर ते शोधले तर शे-दोनशे व्हिडिओंच्या ढिगात आपला लघुपट कुठे आहे ते सापडत नाही. ‘घरवापसी’ या शब्दाला तर आज धर्मांतराच्या राजकारणाचा असा रंग चढला आहे, की मजुराच्या कथेवर तो लावला तर प्रेक्षक भलत्याच चित्रपटाची वाट पाहत बसेल.

या विषयावरच्या गाजलेल्या चित्रपटांची नावे पाहिली तर त्यांतली बरीच प्रवासाच्या भावनेपासून लांब राहिलेली दिसतात. २०२० च्या टाळेबंदीत सात मजूर सायकलींवरून गाझियाबादहून बिहारमधल्या सहरसाला गेले. विनोद कापरी यांनी त्यांच्यावर केलेल्या माहितीपटाचे नाव ‘१२३२ किलोमीटर्स’ असे आहे. त्यात दुःख हा शब्द नाही, घर हाही नाही, आहे ते फक्त अंतर. ते सायकलवर काटायचे आहे हे कळले की आकडाच बोलू लागतो. मुझफ्फर अली यांच्या ‘गमन’ (१९७८) या चित्रपटाचे नाव उलट्या बाजूने काम करते. मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या त्या माणसाला गावी परतणे जमत नाही, आणि नाव मात्र जाण्याचे आहे. प्रतीक वत्स यांच्या ‘ईब आले ऊ’ला (२०१९) तर रूढ अर्थाने शब्दार्थच नाही. दिल्लीतल्या सरकारी इमारतींवरची माकडे हाकलण्याच्या नोकरीत जे आवाज काढावे लागतात, तेच नाव झाले. चित्रपट सुरू होण्याआधी ते कोणालाच कळत नाही, पण थोड्याच वेळात कळते आणि मग विसरता येत नाही.

या तिसऱ्या नावातून लघुपटवाल्याला घेण्यासारखे सर्वात जास्त आहे. नाव शोधायचे ते दिग्दर्शकाच्या मनातल्या भावनेत नव्हे, तर मजुराच्या कामाच्या बोलीत. मोठ्या चित्रपटाचे नाव सामान्य असले तरी जाहिरात आणि नट ते उचलून धरतात. पंधरा-वीस मिनिटांच्या लघुपटाला तो आधार नसतो. महोत्सवाच्या यादीत त्याच्या वाट्याला एक ओळ येते आणि त्या ओळीत त्याचे नावच काय ते बोलते.

ही निवड प्रत्यक्ष कशी होते हे पाहण्यासाठी सोळा मिनिटांच्या एका कल्पित लघुपटाचे उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यातल्या एका फडात बीडकडचे जोडपे ऊस तोडते आहे. हंगाम निम्म्यावर असताना नवऱ्याच्या पायावर कोयता बसतो आणि त्याचे काम बंद पडते. दोघांनी मुकादमाकडून घेतलेली उचल अजून फिटलेली नाही. बायको कोपी आवरते, भांडी पोत्यात भरते आणि लंगडणाऱ्या नवऱ्याला घेऊन मिळेल त्या वाहनाने गावाकडे निघते. निघताना मुकादम तिला म्हणतो, “आता तू अर्धा कोयता. तुझ्या एकटीच्यानं उचल फिटायची नाही.”

नाव शोधण्याचे पहिले काम म्हणजे या माणसांचे शब्द कागदावर उतरवणे. ऊसतोडीच्या बोलीत ते भरपूर आहेत. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. टोळी म्हणजे एका मुकादमाखालचे मजूर. कोपी म्हणजे फडाजवळ उभारलेली खोपटी, मोळी म्हणजे बांधलेल्या उसाचा भारा, खाडा म्हणजे चुकलेला दिवस. पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा गळीत हंगाम संपणे. आणि कोयता हे नुसते अवजार नाही, तो मजूर मोजण्याचा एकक आहे. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादमाची टोळी किती मोठी हे कोयत्यांवरून सांगितले जाते आणि उचलही कोयत्यावर ठरते.

या शब्दांतून तीन नावे वर येतात. ‘पट्टा पडला’ हे पहिले. त्यात परतीचा मुहूर्त आहे, कारण पट्टा पडला की टोळ्या गावी निघतात. पण या कथेत ते सरळ चुकते. हे जोडपे हंगाम संपायच्या आधीच निघाले आहे आणि त्यांचा सगळा पेच त्यातच आहे. बीडमधल्या किंवा पाथर्डीतल्या कोणत्याही प्रेक्षकाला ही चूक पहिल्या दृश्यातच दिसेल. कामाच्या बोलीतला शब्द घेताना हा धोका कायम असतो. तो कानाला छान लागतो म्हणून घेतला आणि कथेच्या तपशिलाशी जुळला नाही, तर ज्यांच्याविषयी लघुपट आहे तेच आधी हसतात. ‘पट्टा पडायच्या आधी’ असे केले तर चूक सुटते, पण ज्याला ही बोली माहीत नाही त्याच्या डोळ्यांपुढे कमरेचा पट्टा येतो.

‘उचल’ हा दुसरा पर्याय. शब्द लहान आहे, त्यात कर्ज आहे, शिवाय जखमी नवऱ्याला उचलून नेण्याचाही अर्थ त्यात दडलेला आहे. अडचण वेगळ्याच बाजूने येते. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन मराठी वाचकाच्या इतके ओळखीचे आहे, की ‘उचल’ ऐकताच मन तिकडे वळते. तिथे विषय आहे चोर ठरवल्या गेलेल्या जमातीच्या जगण्याचा. दोन्ही कथा वंचितांच्या असल्या तरी त्यांची सरमिसळ दोघींवर अन्याय करते.

तिसरे नाव ‘अर्धा कोयता’. ते मुकादमाच्या तोंडी आहे, म्हणजे कथेत त्याला जागा आहे. त्यात कामाचा हिशेब आहे आणि त्या बाईची अवस्थाही आहे. ती माणूस म्हणून पूर्ण आहे, पण वहीत अर्धी. नवरा जिवंत आहे आणि सोबतच चालतो आहे, तरी मुकादमाच्या लेखी तो मोजणीतून गेला. अर्थात या नावालाही खोट आहे. पुण्याच्या बातम्यांमधून ‘कोयता गँग’ हा शब्द घरोघरी पोचल्यामुळे शहरातल्या प्रेक्षकाला कोयता म्हटले की गुन्हेगारीपट आठवतो. ‘कोयता’ एवढेच नाव ठेवले असते तर ते याच कारणाने बाद झाले असते. ‘अर्धा’ या शब्दाने ते वाचते, कारण गुंडाच्या हातात अर्धा कोयता नसतो आणि वाचणारा तिथे क्षणभर अडखळतो. तेवढे अडखळणे पुरते. मात्र पोस्टरवर लाल रंगात कोयत्याचे पाते काढले तर नावाने सावरलेले चित्र पुन्हा बिघडेल.

नाव बरोबर आहे की नाही हे तपासायचा एक साधा मार्ग आहे. लघुपट न पाहिलेल्या सात-आठ जणांना नुसते नाव सांगावे आणि आत काय असेल ते विचारावे. त्यांतले दोघे-तिघे शहरातले असावेत आणि दोघे-तिघे ऊसतोडीच्या भागातले. मग लघुपट दाखवून तेच नाव पुन्हा विचारावे. पहिल्या उत्तरात कुतूहल आणि दुसऱ्यात समज दिसली तर नाव टिकते. पहिल्याच उत्तरात सगळी कथा आली तर नाव फार बोलते आहे. लघुपट पाहूनही अर्थ लागला नाही तर बहुधा दोष नावात नसतो, संकलनात असतो. मुकादमाचे वाक्य घाईत निसटलेले असते किंवा वाऱ्याच्या आवाजात बुडालेले असते. म्हणूनच संकलन पूर्ण होईपर्यंत नाव कामचलाऊ ठेवलेले बरे. संकलनात ते वाक्यच कापले गेले, तर ‘अर्धा कोयता’ला आधारच उरत नाही.

भाषांतराचा प्रश्न महोत्सवासाठी इंग्रजी नाव द्यायची वेळ आली की उभा राहतो. चिनी दिग्दर्शक झांग यांग यांच्या २००७ च्या चित्रपटात एक मजूर आपल्या मेलेल्या सोबत्याचे प्रेत त्याच्या गावी पोचवायला निघतो. मूळ चिनी नाव एक म्हण आहे, ‘गळालेले पान मुळाशी परतते’ अशा अर्थाची. इंग्रजीत ते ‘गेटिंग होम’ झाले. अर्थ पोचला, पण म्हणीतला मृत्यू गळून पडला. नीरज घायवान यांच्या ‘होमबाउंड’ची (२०२५) गोष्ट उलटी. घराकडे निघालेला आणि घरात अडकलेला हे दोन्ही अर्थ त्या एका इंग्रजी शब्दात राहतात, मराठीत एका शब्दात ते बसत नाहीत. ‘अर्धा कोयता’चे ‘हाफ अ सिकल’ असे शब्दशः भाषांतर केले तर परदेशी प्रेक्षकाला मोडलेले अवजार दिसेल. अशा वेळी मूळ नाव रोमन अक्षरांत ठेवून मुकादमाच्या वाक्याचे उपशीर्षक नीट लिहिणे जास्त उपयोगी पडते. रोमन लेखन मात्र एकदाच ठरवावे. एका महोत्सवाला Ardha Koyta आणि दुसऱ्याला Ardha Koyata असे गेले तर शोधात एकाच लघुपटाचे दोन होतात.

हेच नाव आधी कोणी वापरले असेल तर काय, ही भीती अनेकांना असते. ‘देसी बॉईज’ या हिंदी चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले, की नुसत्या शीर्षकाला कॉपीराइटचे संरक्षण नाही, कारण शीर्षक ही स्वतंत्र कलाकृती नव्हे. निर्मात्यांच्या संघटनांकडे नाव नोंदवण्याची जी रीत आहे, ती कॉपीराइट देत नाही. ती सभासदांनी आपसांत पाळायची शिस्त आहे. तरीही त्याच विषयावर त्याच नावाचा लघुपट असेल तर वाट बदलावी. गाजलेल्या नावाचा फायदा उठवून लोकांची दिशाभूल केल्याचा दावा वेगळ्या कायद्याखाली होऊ शकतो, आणि तसा दावा झाला नाही तरी गोंधळ व्हायचा तो होतोच.

राहिली शीर्षकपाटी. ती सुरुवातीलाच दाखवली तर ‘अर्धा कोयता’ हे शब्द प्रेक्षक नुसते वाचतो, आणि नंतर मुकादमाचे वाक्य आले की ते ओळखतो. ती त्या वाक्यानंतर, जोडपे फडाबाहेर पडताना दाखवली तर नाव आणि अर्थ एकदमच येतात. पण मग ओळखण्याचा तो क्षण हातचा जातो आणि पाटी वाक्याचा नुसता पुनरुच्चार ठरते. या लघुपटात ती सुरुवातीलाच हवी.